मुदत संपलेला माल बाबांनी जाणूनबुजून विकला. गिऱ्हाइकांना द्यायचं माफीपत्र तपासून द्याल का?

गल्ल्यावरची (रविवार, सकाळी ९.४०)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आमचं तालुक्याच्या गावात किराणा दुकान आहे, सदतीस वर्षं झाली. बाबा आणि हाताखाली एक मुलगा, एवढेच असतात. मी पुण्यात नोकरीला, महिन्यातून दोनदा घरी येते. काल आले तर दुकानासमोर चार-पाच बायका उभ्या आणि बाबा आत खुर्चीत मान खाली घालून बसलेले. आळीतल्या एका वहिनींनी बाळाच्या सिरियलचा डबा नेला होता. घरी ओल्या ओट्यावर ठेवल्याने त्यावरचं किमतीचं स्टिकर सुटलं आणि खालची तारीख दिसली. मुदत डिसेंबरअखेर संपलेली. त्यांनी फोटो काढून वॉर्डाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला.

स्टिकर चुकून तिथे लागलं असेल, असं मी आधी सगळ्यांना सांगत होते. रात्री ताटावर बसल्यावर बाबा म्हणाले, "चुकून नाही. मीच लावलं." दिवाळीआधी वितरकाने स्कीम दिली होती, बारावर दोन फुकट. आमच्याकडे महिन्याला दोन डबे जातात, पण फुकटाचे दोन दिसले आणि घेतले. मग वितरक बदलला. जुना फोन उचलेना, नवा म्हणे जुन्याचा माल मी घेणार नाही. सहा डबे उरले, त्यातले चार गेले. टोस्टचंही तसंच. त्याची मुदत २० जानेवारीला संपली, चोवीस पाकिटांतली सतरा नंतर विकली.

मी हे पत्र लिहिलंय. दुकानावर लावायचं आणि ग्रुपवर टाकायचं आहे.

"सन्माननीय ग्राहक बंधू-भगिनींनो, आमच्या दुकानातून अनवधानाने काही मुदतबाह्य माल विकला गेल्याचे निदर्शनास आले आहे. यामुळे कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास अथवा गैरसोय झाली असल्यास आम्ही दिलगिरी व्यक्त करतो. गेली ३७ वर्षे आपण आमच्यावर विश्वास दाखवला, तो यापुढेही राहील ही अपेक्षा. चूकभूल द्यावी घ्यावी. आपला नम्र."

काही चुकतंय एवढं कळतंय, काय ते कळत नाही.

चौकातला (९.५२)

ताई, माफीबिफी काही ऐकू नका त्याची. १९१५ ला फोन लावा, ग्राहक हेल्पलाइन आहे. डबा जपून ठेवा, बिल असेल तर उत्तम. असल्या दुकानदाराला सोडायचं नाही.

गल्ल्यावरची (९.५५)

दादा, दुकानदाराची मुलगी मीच आहे.

चौकातला (९.५८)

अरे. मी शीर्षक वाचून खाली आलो. सॉरी. तरी पण सोडू नका.

वेलांटी (१०.२०)

तीस वर्षं मराठी शिकवलंय, म्हणून आधी भाषेचं बोलते. रागावू नका.

"माल विकला गेला." कोणी विकला? पावसात भिंत पडावी तसा तो आपोआप गेला का? कर्ता लपवायचा असला की कर्मणी प्रयोग फार सोयीचा पडतो, सरकारी पत्रांत तो उगीच नसतो. "निदर्शनास आले आहे" हेही तसंच. वडिलांच्या निदर्शनास नव्याने काय आलं? त्यांना जानेवारीतच माहीत होतं. नव्याने कळलं ते गावाला.

"अनवधानाने" हा शब्द तर सरळ खोटा आहे. अनवधान म्हणजे लक्ष नसणं. त्यांचं लक्ष होतं म्हणून तर स्टिकर नेमकं तारखेवर बसलं.

"दिलगिरी" आणि "माफी" यांतला फरकही पाहा. दिलगिरी म्हणजे मला वाईट वाटतंय. गाडी उशिरा आली की स्टेशनात व्यक्त करतात ती. माफी मागताना समोरच्याच्या हाती काहीतरी द्यावं लागतं, तो नाही म्हणू शकतो. तुमच्या पत्रात समोरच्याला काही विचारलेलंच नाही.

आणि "चूकभूल द्यावी घ्यावी" काढाच. ते बिलाच्या तळाशी बेरजेसाठी असतं. यात घेण्यासारखी भूल कुठली आहे?

पावशेर (१०.४१)

एवढं रान उठवण्यासारखं काय आहे? पाकिटावर 'बेस्ट बिफोर' लिहिलेलं असतं, म्हणजे त्या तारखेपर्यंत उत्तम. त्यानंतर विष होत नाही. मी स्वतः दोन महिने उलटलेली बिस्किटं खाल्लीत, ठणठणीत आहे. कायद्यातही बेस्ट बिफोर उलटलेला माल विकायला बंदी नाही. माफी मागितली की लोक डोक्यावर बसतात. डब्याचे पैसे परत करा आणि गप्प बसा.

लेस्टरकर (१०.५५)

@पावशेर, तुम्ही म्हणता ते आमच्याकडे इंग्लंडात खरं आहे. 'बेस्ट बिफोर' गेलेला माल दुकानं उघडपणे वेगळ्या टोपलीत, कमी किमतीत विकतात. 'यूज बाय' गेलेला मात्र विकता येत नाही, तो गुन्हा. पण टोपलीवर तारीख ठळक लिहिलेली असते हो. झाकलेली नसते.

काळा कोट (११.३०)

जिल्हा ग्राहक आयोगात वकिली करतो. पावशेर यांचं अर्धं बरोबर आहे, आणि त्या अर्ध्यावर विसंबून बरेच दुकानदार अडकतात.

'बेस्ट बिफोर'च्या बाबतीत वाद घालायला जागा होती. जुन्या नियमांतली व्याख्याच असं म्हणायची की त्या तारखेनंतरही पदार्थ खाण्यायोग्य असू शकतो. पण २०२० च्या लेबलिंगच्या नियमांनी 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय' छापणं सक्तीचं केलं आणि 'बेस्ट बिफोर' ऐच्छिक ठेवलं. त्यामुळे आता पाकीट हातात घेऊन कोणता शब्द छापलाय ते वाचावं लागतं. 'एक्सपायरी' असेल तर विषय संपला. अन्न सुरक्षा कायदा २००६, कलम २७: मुदत संपल्यावर विकलेल्या पदार्थाला विक्रेता जबाबदार. त्यात "माहीत असून" असा शब्दच नाही. माहीत नसलं तरी जबाबदार. माहीत होतं हे सिद्ध झालं की "मी योग्य ती काळजी घेतली होती" हा जो एक बचाव उरतो, तोही जातो.

स्टिकर हे त्याहून वेगळं प्रकरण आहे. माल पडून राहिला आणि विकला, हा निष्काळजीपणा म्हणून तरी मांडता येतो. तारीख झाकली, हे नाही.

आता पत्राबद्दल, आणि हे नीट वाचा ताई. सहीचं पत्र म्हणजे लेखी कबुली. उद्या कोणी तक्रार केली तर तेच पहिलं जोडपत्र असेल. ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क नसतं, म्हणजे तक्रार करणं कोणालाही जड नाही. शिवाय माफीनाम्याने कोणाचा हक्क बुडत नाही. "पैसे परत घेतले म्हणजे तक्रार नाही" अशी ओळ त्यात घुसडू नका. ती टिकत नाही आणि वाईट दिसते.

म्हणून माझा सल्ला असा की दोन कागद करा. एक आज, या तासाला: कोणता माल, कोणती बॅच, वापरू नका, परत आणा. यात कारण नको, भावना नकोत. दुसरा, म्हणजे माफीचं पत्र, गावातल्या तुमच्या वकिलाला दाखवून दोन दिवसांनी. पहिला कागद दुसऱ्यासाठी अडवून ठेवू नका, कारण एखाद्या घरात तो डबा आत्ता उघडा असेल.

गल्ल्यावरची (११.४४)

पाकीट पाहून आले. दोन्हीवर 'एक्सपायरी'च आहे. पहिला कागद लिहायला घेते.

जुना सेल्समन (दुपारी १२.१५)

सव्वीस वर्षं वितरकाकडे ऑर्डरी घेत फिरलो. तुमच्या बाबांसारखी शंभर दुकानं बघितलीत, म्हणून बोलतो.

कागद लावायच्या आधी सगळ्या फळ्या उतरवा. अगदी सगळ्या. पत्रात तुम्ही "सिरियल आणि टोस्ट" लिहाल आणि बुधवारी कोणाला तिसरी वस्तू सापडली तर ते पत्र फाडून टाकलेलं बरं. एकदा स्टिकर लावणारा हात दोनच वस्तूंवर थांबत नाही. वाईट वाटून घेऊ नका.

कुठे बघायचं ते सांगतो. रोज हलणाऱ्या मालात काही सापडणार नाही. साखर, तेल, चहा सोडा. वरची फळी बघा, जिथे स्टूल लागतं. कस्टर्ड पावडर, कॉर्नफ्लोअर, सॉस, जेली, सणाला आणलेलं काहीबाही. मग प्रत्येक फळीची मागची रांग. नवा माल पुढे लावला की जुना मागे सरकतो, तिथेच सगळं सडतं. बाटलीवर तारीख झाकणाच्या कडेला असते किंवा मानेवर, लेबलवर शोधत बसू नका. लटकणाऱ्या पुड्यांच्या माळेत दोन वेगळ्या बॅचच्या माळा जोडलेल्या असतात, वरची पुडी बघून खालची समजू नये. आणि तारीख पुसट दिसली तर बोट फिरवून बघा, वास घ्या. थिनरने पुसलेली जागा गुळगुळीत आणि चकचकीत लागते.

बाबांनी परतीचा माल का अडकवला तेही मला दिसतंय. बऱ्याच कंपन्या मुदत संपलेला माल घेतात, पण त्याला त्यांची ठरलेली मुदत असते, आणि दुकानदाराला पूर्ण पैसे मिळतीलच असं नाही, पुढच्या बिलात वळते होतात. सेल्समनने यादी केली, वितरकाने सही केली तरच. फुकट स्कीमच्या मालावर तर भांडणच. वितरक बदलला की जुन्या क्लेमला वाली नसतो. हे सगळं खरं आहे, पण पत्रात लिहू नका. गिऱ्हाइकाला वितरकाशी काय करायचंय? सहा डब्यांचे सतराशे रुपये वाचवायला गेलो, एवढंच त्याला कळतं, आणि ते त्याने न सांगताही ओळखलंय.

वॉर्ड नंबर सात (१.०५)

बालरोग विभागात नर्स आहे. एक प्रश्न कोणीच विचारला नाही. कोणी बाळ आजारी आहे का?

गल्ल्यावरची (१.२०)

त्या वहिनींच्या बाळाला गुरुवारी दोन-तीनदा पातळ शी झाली. आता बरं आहे. डब्यामुळेच असं त्या म्हणत नाहीत, पण नसेल असंही म्हणत नाहीत. बाबा तेवढ्यावरून रात्रभर जागे होते.

वॉर्ड नंबर सात (१.४८)

डब्यामुळे झालं की नाही, हे इथे बसून कोणीही सांगू शकणार नाही, मीही नाही. सीलबंद सिरियल मुदतीनंतर अडीच महिन्यांत बहुतेक वेळा नासत नाही. त्यातली जीवनसत्त्वं कमी होतात आणि स्निग्धांश खवट होऊ लागतो. पण बाळाचं निम्मं जेवण जर तेच असेल, तर "फक्त जीवनसत्त्वं कमी झाली" हे मोठ्या माणसाच्या बिस्किटाइतकं हलकं नसतं. त्यात डबा उघडून दमट ओट्यावर राहिला तर वेगळंच काही होऊ शकतं.

म्हणून पत्रात "यामुळे कोणताही अपाय होत नाही" असं चुकूनही लिहू नका. तुम्हाला माहीत नाही. उलट लिहा: देणं थांबवा, डबा फेकू नका, बाळाला जुलाब, उलटी, ताप असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि डबा बरोबर न्या. डॉक्टरांना बॅच आणि तारीख कळते.

आणि लहान मुलाच्या वस्तूसाठी कागद लावून वाट बघायची नसते हो. ज्यांनी नेलं त्यांच्या दारात जा.

काळा कोट (२.०२)

वरच्या सल्ल्याला पूर्ण अनुमोदन. एक जोडतो. याच कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे अन्नामुळे इजा झाली तर नुकसानभरपाई द्यावी लागू शकते, साध्या इजेला एक लाखापर्यंत, गंभीर इजेला तीन लाखांपर्यंत. घाबरवत नाही. पण "काही होत नाही" ही ओळ कोणाच्या बाळावर उलटली तर काय होईल ते लक्षात यावं.

मोरपीस (२.३०)

माझा अनुभव सांगते. घरभरणीला एका मिठाईवाल्याकडून चार किलो पेढे आणले होते, आंबलेले निघाले. पाहुण्यांपुढे शोभा झाली. तक्रार केल्यावर मालक घरी आला, नवा चार किलोचा खोका टेबलावर ठेवला, हात जोडले आणि गेला. एक शब्द बोलला नाही. तो खोका आम्ही कोणी उघडला नाही. सासूबाईंनी सगळा गायीला घातला. मला पेढे नको होते. आदल्या दिवशीचे होते का, आणि त्याला माहीत होतं का, एवढंच ऐकायचं होतं. ते अजून माहीत नाही. ते दुकान घराच्या वाटेवर आहे, मी पलीकडच्या फुटपाथने जाते.

पावशेर (२.४१)

गायीला चालले म्हणजे पेढे चांगलेच होते.

मोरपीस (२.४३)

😐

गल्ल्यावरची (संध्याकाळी ७.१५)

सगळ्यांचे आभार. दिवसभरात काय झालं ते सांगते.

पहिला कागद बारा वाजता लावला आणि ग्रुपवर टाकला. मग शटर अर्धं खाली ओढून मी आणि तो मुलगा फळ्या उतरवत बसलो. सेल्समन काका, तुमचं खरं निघालं. कस्टर्ड पावडरची तीन पाकिटं, सोया सॉसच्या दोन बाटल्या, जेलीचे पाच खोके. यांवर स्टिकर नव्हतं, नुसती पडून होती. खरेदीचं बिल काढलं तर सॉसच्या सहा बाटल्या आलेल्या, पण मुदत संपण्याआधी किती गेल्या आणि नंतर किती, ते कशावरूनच कळत नाही. बाबांनाही आठवत नाही.

डब्यांचा शोध घेतला. चारपैकी एक वहिनींचा. उधारीच्या वहीत फेब्रुवारीत एक नोंद सापडली, "बा. सि. १". ते घर देवळामागे आहे, बाबा आणि मी लगेच गेलो. डबा अजून उघडलेला नव्हता. त्या घरातल्या आजी बाबांना ओळखतात, त्या काही बोलल्याच नाहीत, नुसता डबा आणून दिला. बाबांना तेच जास्त लागलं.

तिसऱ्यासाठी मोबाइलवर आलेल्या पैशांची यादी चाळली. डब्याची किंमत २८५. बाकी सामानाबरोबर घेतला असेल तर आकड्यावरून कळणार नाही, पण नेमके २८५ रुपये एकदाच आलेत, १९ फेब्रुवारीला. नावावरून फोन लावला. त्यांनी डबा कधीच संपवला होता, बाळ बरं आहे म्हणाल्या, आणि फोन ठेवला. चौथा रोखीत गेलाय. तो कुठे आहे, माहीत नाही.

आता प्रश्न. हा उरलेला माल जाळू का? बाबा म्हणतात डोळ्यासमोर नको.

काळा कोट (७.३०)

अजिबात नाही. आज नष्ट केलात तर उद्या अन्न सुरक्षा अधिकारी आल्यावर पुरावा नाहीसा केला असं दिसेल. प्रत्येक वस्तूचा तारीख दिसेल असा फोटो, यादी, मग सगळं एका खोक्यात भरून चिकटपट्टी आणि वर मोठ्या अक्षरात "मुदत संपलेला, विक्रीसाठी नाही". दुकानात विक्रीच्या मालापासून लांब. परत आलेला मालही त्यातच.

जुना सेल्समन (७.४४)

आणि जेव्हा केव्हा फेकाल तेव्हा पाकिटं फोडून, आतलं राखेत किंवा फिनेलमध्ये कालवून. अख्खं पाकीट कचऱ्यात टाकलं की ते तिथून उचलून आठवडी बाजारात येतं. मी बघितलंय.

गल्ल्यावरची (सोमवार, रात्री १०.०५)

माफीचं पत्र बाबांनी स्वतः लिहिलं. मी तीन मसुदे केले होते, त्यांनी तिन्ही बाजूला ठेवले आणि वहीचं पान फाडलं. मी फक्त शुद्धलेखन तपासलं. दुकानाचं नाव आणि बॅच नंबर इथे गाळते.

"आमच्या सर्व गिऱ्हाइकांना,

१ जानेवारीपासून १४ मार्चपर्यंत मी दुकानातून मुदत संपलेला माल विकला. बाळाच्या सिरियलचे चार डबे आणि टोस्टची सतरा पाकिटं. मुदत संपली हे मला माहीत होतं. डब्यांवरची तारीख दिसू नये म्हणून मी तिच्यावर किमतीचं स्टिकर लावलं. दुकानातल्या मुलाला हे माहीत नव्हतं, त्याला कोणी बोलू नये.

सोया सॉस, कस्टर्ड पावडर आणि जेली यांचाही मुदत संपलेला माल फळीवर होता. त्यातला किती विकला ते मला सांगता येत नाही. तुमच्या घरी असेल तर तारीख बघा.

सिरियलचे तीन डबे कुठे गेले ते कळलं. एक कळलेला नाही. तो रोखीने गेला. तुमच्याकडे असेल किंवा होता असेल तर बाळाला देऊ नका, डबा टाकू नका, मला रात्री कधीही फोन करा. बाळाला काही त्रास असेल तर डॉक्टरांना डबा दाखवा. तो खर्च माझा.

बिल नसलं तरी, पाकीट संपलं असलं तरी पैसे परत देईन. तुम्ही सांगाल ते धरीन. तक्रार करायची असेल तर जरूर करा, आमचा चौदा आकडी परवाना नंबर खाली दिला आहे.

मी माफी मागतो. द्यावी की नाही ते तुमच्या हातात आहे."

खाली सही आणि मोबाइल नंबर.

वेलांटी (१०.२०)

"होता असेल तर" हे व्याकरणात बसत नाही. राहू द्या, बदलू नका.

काळा कोट (१०.३८)

तुमच्या वकिलाने हे पाहिलं का? मी असतो तर "मला माहीत होतं" आणि स्टिकरचं वाक्य लावू दिलं नसतं. "तो खर्च माझा" हेही रकमेची मर्यादा न घालता लिहिलंय. फोटो ग्रुपवर असल्याने स्टिकर लपणार नव्हतंच, हे मान्य. पण लोकांना दिसणं वेगळं आणि स्वतःच्या सहीने लिहून देणं वेगळं.

गल्ल्यावरची (१०.४५)

वकिलांनीही हेच सांगितलं. बाबा म्हणाले, ती दोन वाक्यं काढली तर उरलेलं लावायची मला लाज वाटेल.

जुना सेल्समन (१०.५१)

वकीलसाहेब, तुमचं कोर्टात बरोबर असेल. पण गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढणार की नाही हे त्याच दोन वाक्यांवर ठरतं. बाकीचं कोणीही लिहितं.

काळा कोट (१०.५५)

चढेल किंवा चढणार नाही. दंड भरायची वेळ आली तर तो गिऱ्हाईक भरणार नाही, एवढंच म्हणतोय.

पावशेर (११.०२)

मुलाला बोलू नये हे वाक्य आवडलं. बाकी मी अजूनही म्हणतो, टोस्टने कोणी मरत नाही.

चौकातला (मंगळवार, सकाळी ८.१०)

पत्र किती लोकांनी वाचलं? पैसे घ्यायला कोण आलं?

गल्ल्यावरची (मंगळवार, रात्री ९.३०)

टोस्टचे पैसे घ्यायला नऊ जण आले. त्यातल्या दोघांनी नेला नव्हता, असं बाबांना नक्की आठवतंय, तरी दिले. सॉसची एक बाटली परत आली, अर्धी. वहिनी आल्या नाहीत, त्यांचे २८५ मी घरी नेऊन दिले. त्यांनी दारातूनच घेतले, आत या म्हणाल्या नाहीत. त्यांनी तक्रार केली की नाही ते विचारायचं धाडस झालं नाही.

दुकानात आज रोजच्या निम्मी विक्री. येणारा प्रत्येक जण पाकीट उलटून तारीख बघतोय. बाबा गप्प उभे राहतात, मग स्वतःच तारीख मोठ्याने वाचून दाखवतात. एका पोराने पाच रुपयांच्या वेफर्सची पण वाचून घेतली.

वॉर्ड नंबर सात (९.४१)

चौथा डबा?

गल्ल्यावरची (९.४३)

नाही अजून. दूधवाल्याला आणि अंगणवाडीच्या ताईंना उद्या सकाळी सांगणार आहे, सहा महिन्यांच्या पुढची बाळं कुठल्या घरांत आहेत ते त्यांना ठाऊक असतं.